फोन पुढच्या वर्षात गेला तेव्हा

सोमवारी सकाळी बेबीने स्पीकरची वायर फोनला जोडली, पहिलं गाणं दाबलं आणि काहीच वाजलं नाही.

तिने पुन्हा दाबलं. गाण्याचं नाव राखाडी झालेलं होतं. खालचं गाणंही राखाडी, त्याच्या खालचंही. यादी बोटाने शेवटपर्यंत ओढली तरी सगळं राखाडीच. वर एक ओळ आली होती : ‘डाउनलोडची मुदत संपली आहे. कृपया इंटरनेटला जोडा.’

इंटरनेटला कुठून जोडणार? व्यायामाचा वर्ग इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरायचा. तिथे ना वायफाय, ना कुठल्या कंपनीची रेंज. म्हणून तर तिने सगळी गाणी फोनमध्ये उतरवून ठेवली होती. समोर पंधरा-सोळा बायका हात वर करून उभ्या होत्या, आणि हात वर ठेवून माणूस किती वेळ उभा राहणार?

“टीचर, खाली घेऊ का?” मागच्या रांगेतून हेडबाईंनी विचारलं. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. सगळ्या शाळेला कवायत करायला लावण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे इथे आज्ञा पाळायची पाळी आली की त्या जरा जास्तच काटेकोर असायच्या.

“घ्या, घ्या. एक मिनिट हं.”

ते एक मिनिट काही संपेना. बेबीने फोन बंद करून चालू केला. वायर काढून लावली. फुंकर मारली. फुंकरीचा काही उपयोग नसतो हे तिला ठाऊक होतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. शेवटी तिने फोन खुर्चीवर आपटल्यासारखा ठेवला आणि स्वतःच मोजायला सुरुवात केली. “एक, दोन, तीन, चार... गुडघा वर... पाच, सहा...” तास संपला तेव्हा तिचा घसा पार बसला होता. बायका जाताना नेहमीसारख्या हसत-खिदळत गेल्या नाहीत. नुसत्या आकड्यांवर नाचायला कुणाला मजा येते?

बेबी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. वर्गातल्या बायका तिला टीचर म्हणत, नवरा ‘अगं’ म्हणे. बेबी हे नाव फक्त आईच्या तोंडी उरलं होतं. पण सध्या आई तिच्याकडेच राहायला होती, त्यामुळे दिवसभर घरात ‘बेबी, बेबी’ चालूच असे.

तो फोन खास वर्गासाठीच ठेवलेला होता. तिचाच जुना फोन. त्यात सिमकार्ड नव्हतं, मेसेज नव्हते, काहीच नव्हतं. होतं फक्त व्यायामाच्या गाण्यांचं एक अ‍ॅप. त्यातली गाणी साधी नव्हती. कुठल्या व्यायामाला किती वेग, मध्ये दम खायला किती वेळ, असं सगळं मापात बसवलेलं असायचं. हे अ‍ॅप एका टीचरला एकाच फोनवर चालायचं. फोन बदलायचा तर कंपनीला कळवायचं, मग कंपनी आठवडाभर विचार करणार. त्यामुळे आपल्या रोजच्या फोनवर ते घेऊन वेळ मारून नेणंही शक्य नव्हतं.

घरी आल्या आल्या तिने फोन वायफायला जोडला. वायफायचं चिन्ह ऐटीत वर आलं. तिने गाणं दाबलं. गोल चक्र फिरलं, फिरलं आणि थांबलं. ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ तिने पुन्हा प्रयत्न केला. डाउनलोडचा बाण दाबला. बाण जागचा हलला नाही.

“काय झालं गं बेबी?” आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

“काही नाही. फोन बिघडलाय.”

“कुठला?”

“वर्गाचा.”

यावर आतून काही आवाज आला नाही. बेबीचं तिकडे लक्षही नव्हतं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ती एरवी दुसऱ्या गावात एकटी राहायची, आणि डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायला तिथे कुणी नव्हतं. म्हणून बेबी तिला घेऊन आली होती. आईला काळा मोठा चष्मा, वाकायचं नाही, डोकं धुवायचं नाही, डोळा चोळायचा नाही. आणि फोन नाही. आईचा फोन बेबीने कपाटात ठेवून किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली होती. कारण आईला एका गेमचा नाद होता. रंगीत मणी जुळवायचे, जुळले की फुटतात, असलं काहीतरी. तिची धाकटी बहीण, म्हणजे बेबीची मावशी, तिकडे तेच खेळायची आणि दोघींची पायऱ्यांवरून चढाओढ चालायची. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने तासन् तास ते मणी बघत बसायचं म्हणजे काय!

दुपारी नवरा जेवायला घरी आला. तो सुट्या भागांच्या एका गोदामात हिशेब बघायचा. त्याच्या मते घरात जे काही बिघडतं ते इंटरनेट कंपनीमुळे बिघडतं.

“राउटर बंद करून चालू केलास?”

“केला.”

“भिंतीतून काढून?”

“भिंतीतून काढून, मोजून, परत लावून. तुमच्या फोनवर चालतंय ना सगळं? मग राउटरचा काय दोष?”

“चालतंय, पण हळू चालतंय. मी त्यांना पहिल्यापासून सांगतोय.”

बेबीने हात टेकले आणि अ‍ॅपच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ एकच धून ऐकल्यावर एक मुलगा बोलायला आला. आवाज इतका गोड की त्याच्यावर चिडायचीही चोरी.

“मॅडम, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आपण अ‍ॅपची कॅशे साफ केलीत का?”

बेबीने केली. काही झालं नाही.

“लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, मॅडम.”

लॉगआउट झालं. लॉगिन होईना. ‘सर्व्हरशी जोडता आलं नाही.’

“मग मॅडम, अ‍ॅप काढून टाका आणि नव्याने घ्या. नव्वद टक्के तक्रारी यानेच सुटतात.”

“त्यात माझी सगळी गाणी आहेत.”

“ती पुन्हा उतरवता येतील, मॅडम. आपल्या खात्यात सुरक्षित आहेत.”

तिने अ‍ॅप काढून टाकलं. गाण्यांसकट ते गेलं, एका क्षणात. मग अ‍ॅपच्या दुकानात जाऊन ‘इन्स्टॉल’ दाबलं. तिथे आलं : ‘डाउनलोड प्रतीक्षेत’. ती बघत बसली. प्रतीक्षा काही संपेना. थोड्या वेळाने दुकानाचं पानही उघडेनासं झालं.

“आता तर अ‍ॅपच येत नाहीये!”

“थोडा वेळ वाट बघा, मॅडम. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आणखी काही मदत करू शकतो का?”

“आणखी?” बेबी म्हणाली. “अहो, आधी निदान राखाडी का होईना, गाणी दिसत तरी होती. आता तीही गेली. आणखी मदत नको!”

तिने फोन ठेवला. नवऱ्याने ताटात बघून जेवण चालू ठेवलं. आतल्या खोलीतून आई म्हणाली, “अगं, त्या मुलावर कशाला ओरडतेस? त्याने काय केलंय बिचाऱ्याने?”

संध्याकाळचा वर्ग तिने पुन्हा मोजून घेतला. रात्री तिला धड बोलताही येत नव्हतं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून ती झोपली.

मंगळवारी सकाळच्या वर्गात तिने टाळ्या वाजवून ताल धरला. हेडबाईंनी पुढे येऊन शिट्टी देऊ केली. शाळेतली होती, अजून जपून ठेवलेली. शिट्टीवर व्यायाम सुरू झाला आणि पाचच मिनिटांत सगळा हॉल पोलीस भरतीसारखा दिसू लागला. बेबीला रडावं की हसावं कळेना.

घरी येऊन तिने पुन्हा मदतकेंद्राला फोन लावला. या वेळी एक बाई आल्या. त्यांचा आवाज गोड नव्हता. दमलेला होता, आणि त्यामुळेच बेबीला त्या जरा खऱ्या वाटल्या.

“अ‍ॅप काढलंत, आणि आता दुकानातूनही येत नाही. बरोबर? मग आमच्या अ‍ॅपचा प्रश्न नाही हा. त्या फोनवर दुसरं काही चालतंय का बघू. ब्राउझर उघडा. कुठलीही साइट टाका.”

बेबीने टाकली. पांढरं पान आलं. त्यावर घड्याळाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत एक ओळ.

“काय दिसतंय?”

बेबीने वाचलं. “‘तुमचं घड्याळ पुढे आहे.’”

“हां,” बाई म्हणाल्या. “फोनवर आजची तारीख काय आहे?”

“वेळ बरोबर आहे. मी रोज बघते ना, वर्ग सुरू करताना.”

“वेळ नाही, तारीख. साल पण बघा.”

बेबीने सेटिंग उघडलं. बाहेर फेब्रुवारी चालू होता. फोनमध्ये नोव्हेंबर होता. आणि तोही पुढच्या वर्षीचा. पहिल्याच पडद्यावर मोठ्या आकड्यांच्या वेळेखाली बारीक अक्षरांत महिना लिहिलेला असतो. दोन दिवस तो तिच्या नाकासमोर होता आणि तिने एकदाही पाहिला नव्हता. कपाळाला हात लावून ती म्हणाली, “अहो, पण तारखेचा आणि गाण्यांचा काय संबंध?”

“दोन गोष्टी होतात. तुम्ही उतरवलेली गाणी कायमची नसतात. महिन्याभरात एकदा तरी अ‍ॅपने नेटवर येऊन विचारायचं असतं, की या बाईंचं खातं चालू आहे ना. तुमच्या फोनला वाटलं दीड-पावणेदोन वर्षं विचारलंच नाही. मग त्याने गाणी बंद केली.”

“मग मी नेटला जोडला की! तरी चालेना.”

“ती दुसरी गोष्ट. फोन नेटवर गेला की समोरचा सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर लिहिलेलं असतं, अमक्या तारखेपर्यंत वैध. तुमचा फोन आपलं घड्याळ बघतो, म्हणतो, हे तर कधीच संपलं, मी याच्याशी बोलत नाही. अ‍ॅपचं दुकान असो, आम्ही असो, कुणाशीच नाही. आता तिथेच ‘तारीख आणि वेळ आपोआप’ असं असेल बघा. ते बंद असणार.”

बंदच होतं. बेबीने चालू केलं. क्षणभर काही झालं नाही, मग नोव्हेंबर सटकन फेब्रुवारी झाला. दुकानाचं पान उघडलं. ‘डाउनलोड प्रतीक्षेत’ जाऊन निळी रेघ पुढे सरकू लागली.

“आलं!” ती इतक्या जोरात ओरडली की आईने आतून विचारलं, “कोण आलं गं?”

“पण हे बंद कुणी केलं?” बेबीने फोनवर विचारलं.

“ते आम्हाला कसं कळणार, ताई? तक्रार दोन दिवस उघडी ठेवते. परत काही झालं तर बघू.”

कुणी केलं, याबद्दल बेबीच्या मनात शंका नव्हती. संध्याकाळी नवरा चपला काढतोय तोच तिने त्याला गाठलं.

“तुम्ही त्या फोनला हात लावला होता?”

“मी? कशाला लावू?”

“सेटिंगमध्ये काहीतरी केलंत. तुम्हाला सवयच आहे. मागे टीव्हीची भाषा बदलून ठेवली होतीत, महिनाभर बातम्या कळत नव्हत्या.”

“अगं, ती वेगळी गोष्ट! ते चुकून झालं होतं.”

“हेही चुकूनच झालं असेल.”

“मी त्या फोनला शिवलोसुद्धा नाही. जुना फोन आहे, बॅटरी पार उतरली की असे फोन तारीख विसरतात. माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं तसंच होतं.”

बेबीला ते पटलं असं नाही, पण भांडायला आवाज शिल्लक नव्हता. नवरा पुढे दोन तास गाल फुगवून बसला. आई दोघांच्या मध्ये काळा चष्मा लावून बसली होती. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही. नाहीतर जावयाच्या बाजूने बोलायची संधी ती कधी सोडत नसे.

गाणी उतरायला मध्यरात्र उलटली. पण बुधवारी सकाळी तळघरात ढोलकीचा पहिला ठोका पडला तेव्हा बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. हेडबाईंनी शिट्टी पर्समध्ये परत टाकली, थोड्या नाराजीनेच. बेबीने असा मनमोकळा वर्ग किती दिवसांत घेतला नव्हता.

आणि तो दिवस महत्त्वाचाही होता. शेजारच्या तीन इमारतींमधल्या बायकांसाठी संध्याकाळी तिने एक मोफत वर्ग ठेवला होता. आवडला तर नाव नोंदवा, नवी तुकडी सुरू करू. जिन्यात तिने स्वतः चिकटवलेले कागद होते. सकाळच्या वर्गानंतर तिने फोन स्वयंपाकघरातल्या चार्जरला लावला, पूर्ण भरू दे म्हणून, आणि ती हॉल झाडून घ्यायला, चटया मोजायला, स्पीकर तपासायला गेली. संध्याकाळी निघताना फोन उचलून पिशवीत टाकला.

बायका तिच्या अपेक्षेपेक्षा जास्त आल्या. नवीन बूट घालून आलेल्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेल्या, एकमेकींना ढोसत ‘तू पुढे हो, तू पुढे हो’ करणाऱ्या. जुन्यांपैकी काहीजणी मुद्दाम मदतीला आल्या होत्या. बेबीने सगळ्यांचं स्वागत केलं. आधी अंग मोकळं करू, अगदी सोपं आहे, नुसतं गाण्याबरोबर चालायचं, म्हणाली. आणि तिने गाणं दाबलं.

राखाडी.

‘डाउनलोडची मुदत संपली आहे. कृपया इंटरनेटला जोडा.’

तिच्या कानांत काहीतरी वाजू लागलं. स्पीकरमधून मात्र काही वाजलं नाही. या वेळी तिने तारीख पाहिली. ऑगस्ट. पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. ‘आपोआप’ बंद. ती ते चालू करायला गेली, ते चालूही झालं. पण तळघरात फोनला खरी तारीख सांगणार कोण? ऑगस्ट ऑगस्टच राहिला. मग तिने हाताने महिना मागे आणला, साल मागे आणलं. तरी गाणी राखाडीच. एकदा मुदत संपली असं अ‍ॅपने ठरवलं की नेटला विचारल्याशिवाय ते ऐकायला तयार नव्हतं. आणि नेट वर, चार जिने चढून.

“टीचर,” हेडबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “शिट्टी आहे माझ्याकडे.”

“नको!” बेबी म्हणाली. जरा जास्तच जोरात म्हणाली.

ती फोन घेऊन वर धावली. घरी पोहोचेपर्यंत, वायफाय पकडेपर्यंत, गाणी एकेक करून जागी होईपर्यंत बराच वेळ गेला. ती धापा टाकत परत आली तेव्हा हॉलमध्ये अर्ध्याच बायका उरल्या होत्या. हेडबाईंनी त्यांना दोन रांगांत उभं करून कवायत सुरू केली होती आणि नव्या बायकांचे चेहरे शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे झाले होते. गाणं लागलं, वर्ग झालाही. पण एकदा गेलेली रंगत परत येत नव्हती. शेवटी नाव नोंदवायला दोघीच आल्या. त्यांतली एक तर फक्त विचारायला आली होती, हॉल लग्नाला मिळतो का.

त्या रात्री बेबी जेवली नाही. नवरा म्हणाला, “मी सांगतोय ना, बॅटरी,” आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं. आई लवकर झोपायला गेली. डोळा दुखतोय, म्हणाली.

गुरुवारी दुपारी बेबी इमारतीखालच्या दुकानातून साबण घेत होती तेव्हा मदतकेंद्राच्या त्याच बाईंचा फोन आला. “ताई, तक्रार बंद करू का?”

“बंद कसली करताय? काल परत तेच! तारीख पुन्हा पुढे गेली. यजमान म्हणतात बॅटरीमुळे होतं.”

“बॅटरी पार उतरून तारीख गेली, तर फोन मागे जातो, ताई. त्याच्या जन्माच्या आसपासचं काहीतरी जुनं साल दाखवतो. पुढे नाही जात. पुढे कुणीतरी नेलेला असतो.”

“कोण नेणार? आणि कशाला?”

“घरात लहान मुलं आहेत का? गेममध्ये जीव संपले की अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं. मुलं तारीख पुढे करतात. गेमला वाटतं वेळ गेला, तो जीव भरून देतो. अशा तक्रारी रोज येतात आमच्याकडे.”

“आमच्याकडे लहान मूल नाही. मुलगी हॉस्टेलवर असते. घरी मी, माझे यजमान आणि माझी...”

बेबी थांबली. दुकानदार साबणाची पिशवी पुढे करून उभा होता. तिने ती घेतली नाही, तशीच जिन्याकडे निघाली.

तिने दार किल्लीने हळूच उघडलं. आतल्या खोलीतला पलंग रिकामा होता. स्वयंपाकघरात ओट्याजवळ, चार्जरची वायर पुरेल इतक्या अंतरावर, स्टुलावर आई बसली होती. काळा चष्मा कपाळावर ढकललेला, ऑपरेशनचा डोळा घट्ट मिटलेला, दुसरा नाकाजवळ धरलेल्या फोनात. ओठ किंचित बाहेर काढून ती बोटाने मणी सरकवत होती. आवाज बंद ठेवला होता.

“आई.”

आई इतकी दचकली की फोन वायरला लोंबकळला.

“अगं, तू साबण आणायला गेली होतीस ना?”

“तारीख तू बदलतेस?”

“कसली तारीख?”

“आई!”

आईने चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाली, “तारीखच ना? माझे जीव संपले होते.”

“तुझे जीव संपले होते!” बेबीचा बसलेला आवाज कुठून तरी परत आला. “इकडे माझा जीव गेला! सोमवारपासून मी वेड्यासारखी फिरतेय. त्या मुलाला बोलले, यांना बोलले, सगळी गाणी पुसली, काल पंचवीस बायकांसमोर माझी शोभा झाली. आणि तू इथे बसून सगळं ऐकत होतीस!”

“मला काय ठाऊक, तारखेने गाणी बंद होतात? मी तुझ्या गाण्यांना हातसुद्धा लावला नाही. नुसता गेम उतरवून घेतला, तोही पार शेवटच्या पानावर ठेवला. तारखेत जायचं, पुढच्या महिन्याचा बाण दाबायचा, कुठलाही दिवस धरायचा, की पाच जीव मिळतात. मावशीनेच शिकवलं होतं. आमच्या फोनला कधी काही झालं नाही.”

“तुमचं नशीब! आणि मंगळवारी मी यांच्यावर चढले, तेव्हा? तेव्हा तर कळलं ना तारखेचं आहे? तरी काल पुन्हा केलंस?”

आईने पदराच्या टोकाने ओट्यावरचा नसलेला डाग पुसला.

“मला वाटलं एकदाच,” ती म्हणाली. “खेळून झालं की परत मागे आणून ठेवीन. मग तू लवकर आलीस जादा चटया न्यायला. मी घाईत तसाच ठेवून पलंगावर गेले.”

“आणि संध्याकाळी सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू हाही फोन कपाटात टाकला असतास.”

बेबी काही बोलणार होती, पण आई थांबली नाही. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “सकाळी तू जातेस, तो जातो. दार बंद. वाचायचं नाही, शिवायचं नाही, वाकायचं नाही. तुझे शेजारी कोण, मला माहीत नाहीत. मावशीशी बोलावं तर फोन तुझ्या पर्समध्ये. तिचा आवाज ऐकून किती दिवस झाले. मी भिंतीकडे तरी किती बघू, बेबी? तेही एका डोळ्याने?”

“डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून काढून घेतला.”

“डॉक्टर म्हणाले, डोळ्याला ताण देऊ नका, थोडं थोडं चालेल. मी तिथेच बसले होते. कपाट तू बंद केलंस.”

बेबीला डॉक्टरांची खोली आठवली. ते सांगत होते तेव्हा ती थेंबांच्या वेळा मोबाईलमध्ये लिहून घेत होती. ‘ताण नको’ एवढं तिने ऐकलं होतं. पुढचं ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक. पण कालच्या रिकाम्या हॉलची धग अजून अंगात होती, आणि ‘माझंही चुकलं’ म्हणायला तिची जीभ काही वळेना.

“थोडं थोडं म्हणजे दिवसभर स्टुलावर बसून नव्हे,” ती म्हणाली. “आणि चोरून तर नव्हेच.”

ती आत गेली. पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि आईचा फोन आणून तिच्या मांडीवर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ टाकलाच.

“हा घे. मावशीशी बोल हवं तितकं. गेम सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. आणि वर्गाच्या फोनला आता कुलूप घालणार आहे मी.”

“घाल की. मला काय करायचाय तो,” आई म्हणाली, आणि लगेच बहिणीला फोन लावला. बेबीने गॅसवर चहा ठेवला आणि पाठीमागे आईचं ऐकत उभी राहिली. “हो गं, आताच दिला परत... नाही, रागावलीय... अगं, तारखेमुळे गाणी बंद पडतात म्हणे... हो, खरंच. तूही करू नकोस...”

चहा होईपर्यंत बेबीने वर्गाच्या फोनची तारीख पाहिली; आईने ती आजही ऑगस्टवर नेली होती. तिने ती पुन्हा आपोआपवर टाकली. ऑगस्टचा फेब्रुवारी झाला. मग गेम पुसायच्या आधी तिने तो एकदा उघडून पाहिला. मणी नेहमीसारखे चमकत होते, पण हृदयाच्या चित्रात शून्य होतं, आणि त्याखाली पुढचा जीव मिळायला किती वेळ उरला ते लिहिलेलं होतं. आकडा तासांत होता आणि पडद्यावर मावत नव्हता. गेमच्या हिशेबाने शेवटचा जीव पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेला होता, आणि तो उजाडेपर्यंत नवीन मिळणार नव्हता.

“काय म्हणतोय?” आईने फोनवर हात ठेवून विचारलं.

“दीड वर्ष थांबा म्हणतोय.”

“दीड वर्ष!” आईने ते लगेच बहिणीला सांगितलं. पलीकडे मावशी इतकी हसली की तिचा आवाज ओट्यापर्यंत आला. बेबीला हसू आलं नाही. तिने गेम पुसून टाकला आणि अ‍ॅप उघडलं. कालपासून निम्मीच गाणी जागी झाली होती, बाकीची पुन्हा उतरवायची होती. तिने पहिला बाण दाबला. निळी रेघ निघाली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो सोफ्यावर बसून फार शांतपणे म्हणाला, “म्हणजे मी नव्हतो.”

“नव्हता.”

“आणि बॅटरीही नव्हती.”

“तीही नव्हती. आता पुरे.”

“आई,” तो आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, “दोन दिवस मी शिव्या खाल्ल्या हो तुमच्या वाटच्या.”

“माझ्या लक्षात आहे,” आतून आई म्हणाली. “मी मनातल्या मनात तुमच्याच बाजूने होते.”

बेबी जेवणाच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली होती. एक गाणं उतरलं की दुसऱ्याचा बाण दाबत होती. सगळी एकदम लावली की मध्येच अडकायची, हे तिला मंगळवारीच कळलं होतं. उद्या सकाळी सहाला वर्ग होता. परवा त्या दोघींपैकी एकीला फोन करून विचारायचं होतं, येणार आहात ना. बाकीच्यांना पुन्हा बोलवायचं, तर कुठल्या तोंडाने, हे अजून ठरत नव्हतं.

थोड्या वेळाने आई भिंत धरत बाहेर आली आणि समोरच्या खुर्चीत बसली. थेंबांची वेळ झाली होती. बेबी उठली, हात धुतले, आईची मान मागे टेकवली आणि डोळ्याखालची कातडी हळूच ओढून एक थेंब टाकला. आईने डोळा मिटला.

“किती राहिली गं?”

“काय किती?”

“गाणी.”

बेबीने पडद्याकडे पाहिलं. “बरीच.”

“बरीच म्हणजे?”

“आई, डोळा मीट आणि गप्प बस,” बेबी म्हणाली, आणि पुढचा बाण दाबला.